0.06 ला काय म्हणायचं?

(बेळगावात कृषी आणि समाजकार्याच्या संशोधक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पी ठरलेल्या मर्यादेच्या जरा वर आली की 'निष्कर्ष सार्थकतेकडे झुकतो आहे' हे वाक्य आपल्याकडच्या प्रबंधांत सर्रास दिसतं. 'जवळजवळ सार्थक', 'काठावर सार्थक' ही त्याचीच भावंडं. त्यांच्या जागी काय लिहायचं, ते एकाच उदाहरणावर बघू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

समजा, बैलहोंगल–बेळगाव पट्ट्यातली सोयाबीनची 20 शेतं घेतली. प्रत्येक शेताच्या अर्ध्या भागात रायझोबियमची बीजप्रक्रिया केलेलं बियाणं पेरलं, अर्ध्यात साधं. प्रक्रियेच्या बाजूला हेक्टरी सरासरी 1.2 क्विंटल जास्त आले. या फरकाची प्रमाण त्रुटी 0.6 क्विंटल. म्हणजे टी आला 2.0. आता आर उघडून बघा:

```
2 * pt(-2, df = 19)    # 0.06
1.2 + c(-1, 1) * qt(0.975, 19) * 0.6    # -0.06  2.46
```

मर्यादा आधीच 0.05 ठरली होती, पी आली 0.06. इथंच लेखणी घसरते. 'झुकतो आहे' म्हटलं की वाटतं, पी कुठंतरी निघालीय आणि थोडी शेतं वाढवली की पोचेल. पण पी चालत नसते. फरकाबद्दल आधी काहीच माहीत नाही असं धरून हिशेब केला, तर आणखी 2 शेतं घेतल्यावर पी 0.06 पेक्षा मोठी होण्याची शक्यता साधारण 39 टक्के निघते. शेतं दुप्पट, म्हणजे 40 केली, तरी पाचांत एकदा ती वाढलेलीच दिसेल. शिवाय 20 वर बघून, जमलं नाही म्हणून 40 वर पुन्हा त्याच 0.05 ने तपासलं, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसताना 'सापडलं' म्हणण्याचा धोका 5 वरून 8 टक्क्यांच्या वर जातो. मधे बघायचंच असेल, तर ते आराखड्यात आधी लिहून मर्यादा कडक करावी लागते.

मग लिहायचं काय? निकालाच्या प्रकरणात असं लिहा: 'बीजप्रक्रियेच्या भागात उत्पादन हेक्टरी सरासरी 1.2 क्विंटल जास्त होते (95 टक्के विश्वास अंतराल −0.06 ते 2.46; पी = 0.06). आधी ठरवलेल्या 0.05 च्या मर्यादेत हा फरक बसत नाही. जवळजवळ शून्य फरकापासून हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल वाढीपर्यंतच्या शक्यता या माहितीशी सुसंगत आहेत.'

या वाक्यांत आधी फरक आला, मग त्याची रुंदी, आणि पी सगळ्यात शेवटी. पी जशीच्या तशी लिहिली आहे. नुसतं 'असार्थक' लिहून ती झाकलेली नाही. 'बीजप्रक्रियेचा परिणाम होत नाही' असंही म्हटलेलं नाही, कारण अडीच क्विंटल अजून शक्यतेत आहेत. ते वाक्य 'झुकतो आहे' इतकंच खोटं ठरलं असतं.

मार्गदर्शकांनी तपासायची खरी जागा मात्र पुढं आहे. निकालात 'झुकतो आहे' असलेलं वाक्य चर्चेत 'वाढ दिसून आली' होतं आणि शिफारशीत 'शेतकऱ्यांनी वापरावं' होऊन बसतं. पी तीच, दोन प्रकरणांत तिला बढती मिळते! प्रबंधात तो आकडा जिथंजिथं येतो ती वाक्यं एकाखाली एक काढून वाचा, चोरी लगेच सापडते. दुसरी खूण म्हणजे नावडत्या निकालाची वागणूक. त्याच तक्त्यात उगवण कमी झाल्याची पी 0.07 असेल आणि तिथं 'काही फरक नाही' लिहिलं असेल, तर 'झुकतो आहे' हे शब्द फक्त लाडक्या आकड्यासाठी राखून ठेवलेत. आणि 0.04 आली की 'असार्थकतेकडे झुकते' असं अजून कुणी लिहिलेलं नाही, हेही लक्षात घ्या.

कुणी विचारेल, एकतर्फी चाचणी लावली तर पी 0.03 होते की! होते. पण आकडे बघून बाजू निवडली तर तिला अर्थ उरत नाही.

'पुढील संशोधनाची गरज आहे' हे वाक्य या जागी ठरलेलं असतं. तिथं आकडा द्या. आपल्या उदाहरणात शेतागणिक फरकांचं प्रमाण विचलन सुमारे 2.7 क्विंटल आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हेक्टरी 1 क्विंटल वाढ ही किमान कामाची मानली, तर 20 शेतांत ती पकडण्याची शक्यता तीनांत एक इतकीच होती. 80 टक्के शक्यता हवी तर साधारण 60 शेतं लागतील. हा हिशेब 1.2 धरून करू नका. छोट्या प्रयोगातून मिळालेला फरक भरवशाचा नसतो, आणि तो फुगलेला असला तर शेतं पुन्हा कमी पडतील. प्रकरणाच्या शेवटी लिहा: 'हेक्टरी 1 क्विंटल फरक तपासण्यासाठी सुमारे 60 शेतांचा नवा प्रयोग लागेल, तोवर या निकालावरून शिफारस केलेली नाही.'