म्हातारा कुत्रा कुंथतोय? आधी प्रोस्टेट बघा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय वयस्कर नर कुत्र्यांबद्दल, ज्यांचं न्यूटरिंग झालेलं नाही त्यांच्याबद्दल. कुत्रा शी करायला बसतो, पाठीची कमान करून जोर लावतो, उठतो, दोन पावलं पुढे जाऊन परत बसतो आणि शेवटी थोडीशीच शी होते. घरातले म्हणतात पोट साफ होत नाहीये, आणि मग जुलाबाचं औषध सुरू होतं, जेवण बदललं जातं, यातच महिना निघून जातो. माझं म्हणणं एवढंच की अशा वेळी औषध देण्याआधी शी नीट बघा. बद्धकोष्ठ असेल तर शी कडक, कोरडी, खड्यांसारखी येते. पण शी बऱ्यापैकी मऊ आहे, तरी पट्टीसारखी चपटी किंवा बारीक येतेय, तर आतून काहीतरी दाबतंय असं समजा, आणि नर कुत्रा म्हातारा असेल तर ते बहुतेक वेळा प्रोस्टेट असतं.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती असते आणि तिच्या बरोबर वर गुदाशय असतो. वृषणातलं टेस्टोस्टेरॉन प्रोस्टेटमध्ये जाऊन डीएचटी नावाच्या जास्त जोरदार हार्मोनमध्ये बदलतं आणि त्याच्यामुळे ग्रंथी वर्षानुवर्षं वाढत राहते. माणसात ती वाढली की लघवी अडते, कुत्र्यात मात्र ती बाहेरच्या बाजूला फुगते म्हणून आधी शी अडते. काही कुत्र्यांमध्ये लघवी करत नसतानाही लिंगातून रक्ताचे थेंब पडतात, झोपायच्या जागी डाग दिसतो. हे दिसलं तर थांबू नका.

आता समजा नऊ वर्षांचा, तीस किलोचा लॅब्रेडॉर आहे, खातोय पितोय, फक्त कुंथतोय. व्हेट ग्लोव्ह घालून गुदद्वारातून बोटाने तपासतात, मोठ्या कुत्र्यात दुसऱ्या हाताने पोट खालून दाबून ग्रंथी बोटापर्यंत आणावी लागते. साधी वाढ असेल तर ग्रंथी मोठी, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी सारखी लागते आणि दाबल्यावर कुत्रा कळवळत नाही. तो कळवळला, ताप असेल, जेवण सोडलं असेल तर इन्फेक्शनचा संशय येतो, मग युरिन कल्चर करून बरेच आठवडे अँटिबायोटिक द्यावं लागतं. ग्रंथी दगडासारखी, वेडीवाकडी, एका जागी चिकटलेली लागली तर कॅन्सरची शंका. सोनोग्राफीत आकार, सिस्ट, पू हे सगळं दिसतं म्हणून ती करून घ्याच.

आपल्या लॅब्रेडॉरची साधी वाढच निघाली. मग सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे न्यूटरिंग. हार्मोनचा पुरवठाच बंद होतो, साधारण तीन आठवड्यांत ग्रंथी निम्म्यावर येते आणि पुढचे काही आठवडे आणखी आक्रसत जाते. वय झालंय म्हणून लोक भूल द्यायला घाबरतात, ते समजू शकतं, पण रक्ताच्या टेस्ट, हृदयाची तपासणी नीट असेल तर नुसतं वय हे नाही म्हणायचं कारण नाही असं मला मनापासून वाटतं.

ऑपरेशन खरंच शक्य नसेल, किंवा कुत्रा ब्रीडिंगसाठी हवा असेल तर गोळी आहे, फिनास्टेराईड. ती डीएचटी बनू देत नाही, रोज द्यावी लागते, फरक पडायला काही आठवडे ते महिने लागतात आणि बंद केली की ग्रंथी परत वाढते. डोस वजन बघून व्हेटच ठरवतील, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही, पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. काही देशांत ओसाटेरॉन नावाची गोळी मिळते, सात दिवसांचा कोर्स, परिणाम काही महिने टिकतो. डेस्लोरेलिनचं इम्प्लांट पण आहे, कातडीखाली घालतात, पण त्याने सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन थोडे दिवस वाढतं, म्हणून आधीच खूप त्रास असलेल्या कुत्र्यात व्हेट विचार करून वापरतात, आणि ब्रीडिंगसाठी ते उपयोगाचं नाही कारण त्या काळात वीर्य तयार होणं थांबतं.

यातलं काहीही निवडलं तरी ग्रंथी छोटी होईपर्यंत कुत्र्याला जोर लावावा लागू नये म्हणून लॅक्ट्युलोजसारखं शी मऊ करणारं औषध देतात. कारण महिनोन्‌महिने कुंथून गुदद्वाराशेजारचे स्नायू सैल पडतात आणि तिथे हर्निया होतो, शेपटीच्या बाजूला मऊ फुगवटा दिसतो. त्यात मूत्राशय अडकलं तर लघवी पूर्ण बंद होते, ती इमर्जन्सी आहे, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

न्यूटरिंगनंतर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्या. तोवर ग्रंथी चांगलीच लहान झालेली असायला हवी. ती तेवढीच राहिली किंवा वाढली तर ती साधी वाढ नाही असं धरून व्हेट सुईने पेशी काढून तपासायला पाठवतात, कारण न्यूटरिंगने कॅन्सर थांबत नाही.