नव्वदावं मिनिट

[दृश्य: रात्र. रिकामं मंगल कार्यालय. पहिल्या मजल्याचा दिवाणखान्याएवढा रुंद जिना, कोपऱ्यात झेंडूच्या सुकलेल्या माळा.]

आषाढ लागला की इथे मुहूर्त नसतात. दोन दिवस इमारत कुलूपबंद राहणार आहे, म्हणून आपत्कालीन दिवे तपासायला आम्हाला ही रात्र मिळाली. एरवी या पहिल्या मजल्यावर एका पंगतीला अडीचशे पानं असतात, आणि ती सगळी माणसं याच वीस मीटरच्या मार्गिकेतून या एकाच जिन्याकडे येतात.

[दृश्य: वायरमन पॅनेलचं दार उघडतो. मार्गिकेच्या एमसीबीवर, म्हणजे तिची वीज तोडणाऱ्या छोट्या स्विचवर, बोट.]

मॅनेजर सुरुवातीलाच म्हणाले, "साहेब, दिवे गेले तरी जनरेटर आहे ना आपल्याकडे."

वायरमननं काही उत्तर दिलं नाही. मार्गिकेच्या दिव्यांचा एमसीबी तेवढा खाली पाडला.

[दृश्य: अंधार. पाठोपाठ छताजवळचे तीन छोटे दिवे पेटतात. आवाज नाही.]

जनरेटर सुरू झाला नाही. होणारही नव्हता. इमारतीची मुख्य वीज गेली तरच त्याला कळतं. मधली एक वायर जळाली, एक एमसीबी पडला, तर त्याच्या लेखी सगळं ठीक असतं. मुख्य वीज गेली, तरी इंजिन चालू होऊन भार घेईपर्यंत काही सेकंद जातात. नॅशनल बिल्डिंग कोडला आपत्कालीन प्रकाश जवळजवळ लगेच हवा असतो.

पेटले ते हे तीन दिवे. प्रत्येकाच्या पोटात स्वतःची बॅटरी आहे आणि स्वतःचा चार्जर. आपली वायर मेली एवढं ज्याचं त्याला कळतं. याला स्वयंपूर्ण दिवा म्हणतात.

[दृश्य: फरशीवर ठेवलेला, तिथे पडणारा प्रकाश मोजणारा लक्समीटर. आकडा जवळून.]

दिव्याच्या बरोबर खाली फरशीवर वीस लक्स. आता मीटर दोन दिव्यांच्या मधोमध सरकवू. साडेपाच.

कोड मार्गिकेच्या मध्यरेषेवर, फरशीपाशी, किमान दहा लक्स मागतो. युरोपातलं मानक एका लक्सवर समाधानी आहे, आपलं त्याच्या दहापट कडक आहे. या तीन दिव्यांमध्ये नऊ-नऊ मीटर अंतर आहे. बसवणाऱ्यानं छताकडे बघून अंतर ठरवलं, फरशीकडे बघून नाही.

[दृश्य: खडूनं फरशीवर आखलेली मध्यरेषा. टेप पसरते.]

हिशेब फरशीवरच मांडू. दिवा 2.7 मीटर उंचीवर. खाली वीस लक्स पडतात. बाजूला सरकत गेलं की प्रकाश दोन कारणांनी मरतो: अंतर वाढतं, आणि तो तिरका पडल्यामुळे जास्त जागेवर पसरतो. साडेचार मीटरवर, म्हणजे दोन दिव्यांच्या मध्यावर, एका दिव्याचे जेमतेम पावणेतीन लक्स उरतात. दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाच. मीटरनं हेच सांगितलं.

अंतर सहा मीटर केलं, तर मध्यावर बारा येतात. बहुतेक आराखडे इथेच थांबतात, कारण कागदावर दहा ओलांडले. पण हे बारा लक्स बॅटरी भरलेली असतानाचे आहेत, पहिल्या मिनिटाचे.

[दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. 21:52. वायरमन जिन्यात बसून डबा उघडतो.]

म्हणून आम्ही थांबलो. कोडला हे दिवे दीड तास जळलेले हवेत, मग इमारत कितीही लहान असो. वर्षातून एकदा एवढा वेळ एमसीबी पाडून बसणारा माणूस मला फार थोड्या ठिकाणी भेटला. बटण दाबायचं, दिवा लागला बघायचं, रजिस्टरवर सही करायची, ही रीत आहे. बटणाची चाचणी तीन सेकंदांची असते आणि तीन सेकंद तर मरायला टेकलेली बॅटरीही तग धरते.

[दृश्य: 22:33. मधला दिवा मंदावतो, तांबूस होतो, विझतो.]

एक्केचाळिसावं मिनिट.

[दृश्य: दिवा उतरवलेला. झाकण उघडून हिरव्या वेष्टणातले तीन सेल. एकावर पांढरी पावडर.]

तीन वॅटचा दिवा दीड तास जाळायला साडेचार वॅट-तास लागतात. वर सर्किटमध्ये जाणारा हिस्सा धरून या सेलमध्ये नवे असताना साधारण तेवढंच होतं. पदरी शिल्लक काही नव्हती. निकेल-कॅडमियमचा असा पॅक साधारण चार वर्षं धरून चालायचा असतो. हा सहा वर्षं या छताखाली आहे, आणि हॉल भरलेला असताना, वरचे फोकस दिवे पेटलेले असताना, इथलं तापमान सेलना सोसत नाही. सेलवरची ती पावडर म्हणजे आतलं रसायन बाहेर आल्याची खूण.

कडेच्या दोन दिव्यांनी नव्वद मिनिटं पूर्ण केली. शेवटी मात्र त्यांच्याखाली वीसऐवजी तेरा लक्स होते.

ही पस्तीस टक्क्यांची घट आराखड्यातच धरायला हवी. सहा मीटरचे बारा लक्स शेवटच्या मिनिटाला आठ होतात. पाच मीटरवर सुरुवातीला सोळा मिळतात आणि शेवटी दहाच्या किंचित वर. म्हणजे या मार्गिकेला तीन नाही, पाच दिवे. एक कोपऱ्याच्या वळणापाशी, एक जिन्याच्या तोंडाशी, कारण वळण आणि पायऱ्या यांना दोन मीटरच्या आत दिवा हवाच. उंची दोन मीटरच्या खाली नाही, पण जमेल तेवढी कमी. धूर आधी छताशी जमतो आणि तिथला दिवा गिळतो.

[दृश्य: दुसरी इमारत. एका मोठ्या रुग्णालयाची बॅटरी खोली. रांगेत काळ्या बॅटऱ्या.]

पाच दिव्यांचे पाच पॅक बदलणं सोपं. दीड हजार दिव्यांचे कोण बदलणार? म्हणून मोठ्या इमारती मध्यवर्ती बॅटरी घेतात. एकच खोली, एकाच जागी देखभाल, आणि लेड-ॲसिड बॅटरी थंड राहिली तर दहा वर्षं जाते. गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत ठेवली तर दर दहा अंशांमागे आयुष्य निम्मं होतं. इथे एसी आहे, ही चांगली गोष्ट.

[दृश्य: तिसऱ्या मजल्याचा एमसीबी पडतो. मार्गिका पूर्ण अंधारात. कॅमेरा तसाच थांबतो.]

इथेही आम्ही फक्त एक एमसीबी पाडला.

काहीही पेटलं नाही. बॅटऱ्या भरलेल्या आहेत, वायर शाबूत आहे. पण वीज गेल्याचं ओळखून बॅटरी जोडणारा या यंत्रणेचा रिले तळघरातल्या मुख्य पॅनेलवर बसवलाय, त्याला वीज दिसतेय. प्रत्येक मजल्याच्या दिव्यांच्या सर्किटवर वेगळा रिले आणि त्याची तार खालपर्यंत, एवढंच राहून गेलं होतं. शिवाय बॅटरीपासून दिव्यापर्यंतची केबल आगीत टिकणारी लागते. साधी केबल ज्या शाफ्टमध्ये जळाली, त्याच्या वरचे सगळे मजले एकदम जातात. स्वयंपूर्ण दिव्यात हा धोका मुळातच नाही. लहान इमारतीला मी म्हणूनच तो सुचवतो.

[दृश्य: उपहार सिनेमागृहाचं जुनं छायाचित्र. निवेदन थोडक्यात.]

13 जून 1997, दिल्ली. ट्रान्सफॉर्मरला आग, वीज गेली, बाल्कनीत धूर आणि अंधार. 59 माणसं.

[दृश्य: पुन्हा मंगल कार्यालय. सकाळ. शिडी, नवे पॅक, खडूच्या खुणांवर पाच दिवे.]

नव्या दिव्यांची चाचणी उद्या रात्री, कारण पॅक पूर्ण भरायला चोवीस तास लागतात. आज बंद इमारत होती म्हणून सगळे दिवे एकदम रिकामे करता आले. लग्नसराईत एका रात्री एकाआड एक दिवे तपासायचे, उरलेले पहिले भरल्यावर. मॅनेजरनी रजिस्टरमध्ये नवा रकाना आखून घेतलाय: किती मिनिटं जळला.