डायपर दाराजवळ ठेवायचे की टूथपेस्ट?

भिवंडीतल्या एखाद्या गोडाऊनमध्ये विचारा, सगळ्यात जास्त काय हलतं? उत्तर येईल, डायपर. मग डायपर कुठे ठेवलेत? पॅकिंग टेबलाच्या शेजारी. ऐकायला बरोबर वाटतं, पण इथेच ऑर्डरचा माल गोळा करणाऱ्या पिकरचे पाय दुखतात.

आपण हिशोबच करू. आकडे सोपे घेतलेत. डायपरचे दिवसाला ६० पिक, म्हणजे पिकर तिथे ६० वेळा जातो. एक पॅक १५ लिटर जागा खातो आणि आपण २०० पॅक ठेवतो, म्हणजे ३००० लिटर. जवळचा अख्खा रॅक संपला! टूथपेस्टचे ४० पिक, जागा २०० लिटर. अगरबत्तीचे ३० पिक, ३०० लिटर. मसाल्याच्या पाकिटांचे २५ पिक, १०० लिटर.

आता पिकला जागेने भागा. मसाला ०.२५, टूथपेस्ट ०.२, अगरबत्ती ०.१ आणि आपले लाडके डायपर ०.०२. सगळ्यात खाली!

जवळचा रॅक टेबलापासून १० मीटर, लांबचा ४० मीटर, आणि पिकर एका फेरीत एकच वस्तू आणतो असं धरू. डायपर जवळ ठेवले तर दिवसाची चाल ८८०० मीटर. तिन्ही छोट्या वस्तू जवळ आणून डायपर लांब नेले तर ६७००. दोन किलोमीटरहून जास्त वाचले, आणि जवळच्या रॅकमध्ये २४०० लिटर जागा अजून मोकळीच आहे.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत जेम्स हेस्केट यांनी १९६३ साली मांडली, फक्त भागाकार उलटा: जागा भागिले फेऱ्या. तिथे सगळ्यात लहान आकडा दाराजवळ जातो.

शीटमध्ये A वस्तू, B रोजचे पिक, C एका नगाचे लिटर, D जास्तीत जास्त साठा, E गुणांक. Orders टॅबमध्ये ३० दिवसांच्या ऑर्डरच्या ओळी टाका, वस्तूचं नाव B कॉलममध्ये.

```
B2: =COUNTIF(Orders!B:B,A2)/30
E2: =B2/(C2*D2)
```

मग E उतरत्या क्रमाने लावा आणि जवळचे बिन वरून भरत या.

COUNTIF मुद्दाम घेतलंय. नगांची बेरीज केलीत, तर एकाच दुकानदाराने मागवलेले ५०० साबण वर येऊन बसतील. पिकर मात्र तिथे एकदाच गेला होता.

एखादी जाडजूड वस्तू अचानक पहिल्या नंबरवर दिसली, तर आधी C तपासा. सेंटिमीटरच्या मापांचा गुणाकार १००० ने भागला की लिटर येतात. कोणीतरी मापं इंचात भरलेली असतात, हे मी पैजेवर सांगतो.

तुमचा पिकर एका फेरीत दहा ऑर्डर गोळा करत असेल, तर एवढी बचत होणार नाही. तेव्हा एकत्र मागवल्या जाणाऱ्या वस्तू शेजारी ठेवणं जास्त कामाचं ठरतं. आणि वरचे सगळे नंबर एकाच अरुंद गल्लीत कोंबू नका, ट्रॉल्या अडकतात. दोन गल्ल्यांच्या तोंडाशी वाटून टाका. गणपतीच्या आधी अगरबत्तीचे पिक वाढतात, तेव्हा शीट तीन-चार आठवडे आधीच नव्याने लावा. ऐन गर्दीत रॅक हलवायला माणूस मिळत नाही.