अठरा हजारांचा फरक

रोख प्रवाह पत्रक शिकताना एक क्षण सगळ्यांच्या वाट्याला येतो. तिन्ही भाग लिहून झालेले असतात, बेरजा दोनदा तपासलेल्या असतात, आणि शेवटची रोख शिल्लक ताळेबंदातल्या शिलकीशी जुळत नाही. आज मी फक्त या क्षणाबद्दल बोलणार आहे. फरक सापडावा म्हणून विद्यार्थी जे करतात त्यातलं बरंचसं वाया जातं, असं माझं मत आहे. का वाया जातं, ते एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण कल्पित आहे. यंत्राचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी घ्या. आकडे हजार रुपयांत आहेत.

| | ३१ मार्च २०२४ | ३१ मार्च २०२५ |
|---|---|---|
| यंत्रसामग्री (घसारा वजा जाता) | ५०० | ६२० |
| मालसाठा | १८० | २१० |
| ग्राहकांकडून येणं | १४० | १२५ |
| रोख व बँक शिल्लक | ४० | ६५ |
| एकूण मालमत्ता | ८६० | १०२० |
| भागभांडवल | ४०० | ४५० |
| राखीव निधी व शिल्लक नफा | १५० | २२० |
| मुदत कर्ज | २०० | २३० |
| पुरवठादारांचं देणं | ९० | ९६ |
| कराची तरतूद | २० | २४ |
| एकूण देयता | ८६० | १०२० |

सोबतची माहिती अशी. करपूर्व नफा १३४, त्यात ६० घसारा आणि २२ व्याज आधीच वजा झालेलं. व्याज सगळं रोखीने दिलं. वर्षाच्या करासाठी ३४ची तरतूद केली. लाभांश ३० दिला. २५ पुस्तकी किमतीचं एक जुनं यंत्र ३७ला विकलं, म्हणजे १२ नफा झाला. हा नफा १३४मध्ये धरलेला आहे.

एकाच वर्गातले दोघे हे गणित सोडवायला बसले आहेत. त्यांना आपण मीरा आणि समीर म्हणू.

"सत्तेचाळीस येतंय रे," मीरा म्हणते. "कामकाजातून १४७ आले, गुंतवणुकीत १६८ गेले, वित्तपुरवठ्यातून २८ आले. निव्वळ वाढ सात. सुरुवातीचे ४० धरून ४७. ताळेबंदात ६५ आहेत. अठरा कमी पडतायत."

"अठराला नऊने भाग जातो," समीर म्हणतो. "कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असणार."

दोघांनी प्रत्येक आकडा ताळेबंदाशी ताडून पाहिला. एकही उलटा लिहिलेला नव्हता.

"मग निम्मे कर. नऊ. नऊची कुठली तरी रक्कम मिळवायच्या ऐवजी वजा झाली असेल."

"अरे, पण नऊची रक्कमच नाहीये कुठे. अठराचीही नाही."

समीर वापरतोय त्या दोन्ही युक्त्या खऱ्या आहेत. दोन अंकी संख्येतले अंक उलटे पडले, समजा ५४च्या जागी ४५ लिहिले, तर फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. शेजारचे कुठलेही दोन अंक बदलले तरी तसंच. रक्कम चुकीच्या बाजूला गेली तर फरक तिच्या दुप्पट येतो. पण चूक एकच असेल तेव्हाच या युक्त्या चालतात. चुका दोन असल्या की हातात येतो तो त्यांचा मिळून झालेला आकडा. मीरा-समीरच्या फरकाला नऊने भाग जातो हा योगायोग आहे, आणि त्या योगायोगापायी त्यांचा बराच वेळ गेला.

या टप्प्यावर काही जण "इतर समायोजन १८" अशी ओळ घालून मोकळे होतात. तसं कधीही करू नका. त्या ओळीमागे एकही व्यवहार नसतो, आणि ती लिहिली की खऱ्या चुका कायमच्या झाकल्या जातात.

मग करायचं काय? फरकाचा पाठलाग सोडायचा आणि ताळेबंदाकडे परत जायचं. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू समान असतात. म्हणून रोख शिलकीतला बदल हा बाकी सगळ्या ओळींतल्या बदलांनी पूर्णपणे बांधलेला असतो. देयता वाढली तर रोख तेवढी वाढते, रोखीखेरीज दुसरी मालमत्ता वाढली तर रोख तेवढी घटते. वरच्या ताळेबंदात रोखीखेरीज आठ ओळी आहेत. त्यातल्या प्रत्येक ओळीचा बदल पत्रकात कुठे ना कुठे पूर्ण उतरला असेल, तर पत्रक जुळलंच पाहिजे. जुळत नसेल, तर एखादी तरी ओळ अपुरी किंवा उलटी उतरली आहे. ती कोणती हे ओळीगणिक कळतं, आणि चुका कितीही असल्या तरी त्या वेगवेगळ्या सापडतात.

मीरा वहीत तीन रकाने आखते: ओळ, तिचा रोखीवर व्हायला हवा तो परिणाम, आणि पत्रकात प्रत्यक्ष घेतलेली रक्कम.

"सोपं आधी घेऊ," ती म्हणते. "भागभांडवल ५० वाढलं, आपण ५० घेतलेत. कर्ज ३० वाढलं, ३० घेतलेत. पुरवठादारांचं देणं सहाने वाढलं, सहा मिळवलेत. मालसाठा ३०ने वाढला, ३० वजा केलेत."

"कराची तरतूद? ती चारने वाढलीय, पण पत्रकात चार कुठेच नाहीत."

"आपण करपूर्व नफ्यापासून सुरुवात केली ना. त्यामुळे ३४ची तरतूद नफ्यातून वजा झालीच नाही, आणि भरलेला कर म्हणून ३० वजा केले. चौतीस उणे तीस, चार. बरोबर आहे. राखीव निधी बघ, ७०ने वाढलाय. करपूर्व १३४, त्यातून तरतुदीचे ३४ गेले की १००, आणि लाभांशाचे ३० गेले की ७०. तीही ओळ पूर्ण."

"व्याजाचं काय?"

"बावीस कामकाजात परत मिळवले आणि वित्तपुरवठ्यात वजा केले. एकूण बेरजेत शून्य."

इथवर सहा ओळी पूर्ण झाल्या. राहिल्या दोन.

"ग्राहकांकडून येणं १४० होतं, ते १२५ झालं," समीर वाचतो. "मालमत्ता कमी झाली, म्हणजे रोख १५ वाढायला हवी. आपण... वजा केलेत. मालसाठ्याच्या ओघात हेही वजा झालं."

"तीसचा फटका. दुरुस्त करू."

दुरुस्ती केल्यावर निव्वळ वाढ ३७ झाली आणि शेवटची शिल्लक ७७. आता ताळेबंदापेक्षा बारा जास्त. अनेक विद्यार्थी नेमके इथे गडबडतात. आधी कमी पडत होते, आता जास्त झाले, म्हणजे दुरुस्तीच चुकली असं वाटून ते ती खोडून टाकतात. मीराने खोडली नाही, कारण येण्याची ओळ आता पूर्ण झाली होती. ओळ पूर्ण असेल तर एकूण फरक कोणत्या दिशेला सरकला याकडे बघायचं कारण नाही.

उरली यंत्रसामग्री. या ओळीवर मी थोडं थांबणार आहे, कारण ती सगळ्यात फसवी आहे.

"यंत्राचं खातं मी मघाशीच काढलंय," समीर म्हणतो. "सुरुवातीचे ५००, विकलेल्याचे २५ वजा, घसारा ६० वजा, शेवटी ६२०. म्हणजे खरेदी २०५. खातं जुळतंय, इथे चूक असूच शकत नाही."

"खातं जुळतंय, पण पत्रकात काय घेतलंय ते बघू. ओळ १२०ने वाढलीय, म्हणजे रोखीवर परिणाम उणे १२० हवा. आपण घसारा अधिक ६०, खरेदी उणे २०५, विक्री अधिक ३७ घेतलेत. किती झाले?"

"उणे १०८."

"बारा कमी गेलेत."

"यंत्रावरचा नफा!"

समीरचं खातं बरोबर होतं, पण त्याने फक्त खरेदीचा आकडा शोधला. त्या खात्यातून यंत्र २५ला बाहेर पडलं, हातात मात्र ३७ आले. मधले १२ करपूर्व नफ्यात एकदा मोजले गेले होते आणि विक्रीच्या ३७मध्ये पुन्हा मोजले गेले. विक्रीची पूर्ण रक्कम गुंतवणूक विभागात जाते, म्हणून नफा कामकाज विभागातून वजा करावाच लागतो. यंत्र तोट्यात विकलं असतं तर तोटा परत मिळवावा लागला असता, आणि तो राहून गेला असता तर शिल्लक तेवढी कमी आली असती. मालमत्तेची विक्री दिसली की पत्रकात तिच्या दोन जागा शोधा, एक गुंतवणुकीत आणि एक कामकाजात. विक्री पुस्तकी किमतीलाच झाली असेल तर दुसरी जागा रिकामी राहते, पण ती तपासायची असतेच.

बारा वजा केल्यावर कामकाजातून १६५ आले. १६५ उणे १६८ अधिक २८, म्हणजे २५. सुरुवातीचे ४० आणि हे २५ मिळून ६५. येण्यामुळे ३० कमी पडले होते आणि यंत्रामुळे १२ जास्त झाले होते. दोन्ही मिळून अठरा कमी. पत्रकात कुठेही नसलेला तो अठराचा आकडा असा तयार झाला होता.

आता या तपासणीची मर्यादा. ती बेरीज राखते, वर्गवारी राखत नाही. समजा या दोघांनी व्याज दोन्ही ठिकाणी सोडून दिलं असतं, ना कामकाजात परत मिळवलं ना वित्तपुरवठ्यात वजा केलं, तरी शेवटी ६५च आले असते. सगळ्या ओळी पूर्ण दिसल्या असत्या. कामकाजाचा प्रवाह मात्र १६५ऐवजी १४३ दिसला असता. बँका आणि वित्तसंस्था वगळता इतर कंपन्यांनी दिलेलं व्याज आणि लाभांश लेखा मानक ३ वित्तपुरवठ्यात दाखवायला सांगतं. कुठली रक्कम कोणत्या भागात बसते, हे नियमाशी ताडूनच पाहावं लागतं.

दुसरी मर्यादा रोख शिलकीच्या आकड्यातच असते. समीरने ताळेबंदासोबतच्या टिपा उलटल्या.

"मीरा, या ६५मध्ये २०ची मुदत ठेव आहे. याच मार्चमध्ये ठेवलेली, एक वर्षाची."

"मग ती रोख कशी धरायची?"

धरायची नाही. लेखा मानक ३नुसार रोख समतुल्य म्हणजे अल्प मुदतीची, सहज ठरावीक रोखीत बदलणारी आणि मूल्य बदलण्याची नगण्य जोखीम असलेली गुंतवणूक. अल्प मुदत म्हणजे साधारणपणे ती घेतल्यापासून तीन महिने किंवा कमी. ठेव किती मुदतीची घेतली हे पाहायचं, ताळेबंदाच्या दिवशी किती मुदत उरली हे नाही. एक वर्षाच्या ठेवीचे शेवटचे दोन महिने राहिले म्हणून ती रोख समतुल्य होत नाही.

"म्हणजे ठेवीचे २० गुंतवणुकीत जाणार," समीर लिहू लागतो. "गुंतवणुकीचा प्रवाह उणे १८८. निव्वळ वाढ पाच. चाळीस आणि पाच, पंचेचाळीस."

"पण ताळेबंदात ६५ आहेत. परत वीसचा फरक."

हा फरक राहणारच, आणि तो लपवायचा नाही. रोख व रोख समतुल्यात काय काय धरलं ते सांगून ताळेबंदातल्या संबंधित रकमांशी मेळ दाखवायला हेच मानक सांगतं. मीराने पत्रकाखाली टीप लिहिली: रोख व बँक शिल्लक ६५, वजा तीन महिन्यांहून अधिक मुदतीची ठेव २०, रोख व रोख समतुल्य ४५.