पोत्यात काय होतं?

नमस्कार श्रोतेहो. देवगिरीला, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, तुम्ही गेला असाल तर तिथलं ‘अंधेरी’ नावाचं भुयार आठवत असेल. पुष्कळ गाइड तिथे नेतात, टॉर्च विझवतात, पोरं किंचाळतात, झालं! मी ज्यांच्याबरोबर गेलो ते काका भुयाराच्या अलीकडेच सगळ्यांना बसवायचे. आधी गोष्ट, मग अंधार.

“साल १२९६,” काका सुरू करायचे. “अल्लाउद्दीन खिलजी अजून सुलतान झालेला नाही बरं का! चुलत्याला, म्हणजे दिल्लीच्या सुलतानाला, न सांगताच तो इकडे आलाय. राजा रामदेवराय गाफील. फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली. तेवढ्यात खिलजीनं आवई उठवली, मागून दिल्लीची मोठी फौज येतेय! राजानं किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. आता आत खायला काय?”

इथे काका थांबायचे. एखादं पोरगं हमखास म्हणायचं, “तांदूळ!”

“बरोबर! कोकणातून आलेले व्यापारी घाबरून पोती तिथेच टाकून पळाले होते. राजाच्या माणसांनी धान्य समजून ती वर चढवली. तिकडे शंकरदेव परतला, लढला, पण हरला. राजा म्हणाला, हरकत नाही, धान्य आहे. पोती उघडली...”

मग खिशातून पुडी काढून त्यांनी समोरच्या पोराच्या तळहातावर चिमूटभर ठेवली. “चाख.”

“शी! मीठ!”

मीठ! पोत्यांत नुसतं मीठ! आणि मग तह. पोरं हसत होती, मोठी माणसं मात्र गप्प. चुलत्याला फसवून आलेला पुतण्या आणि न उघडता चढवलेली पोती, यातलं काय कोणाला लागलं, हे ज्याचं त्याला ठाऊक.

मग एक आजी म्हणाल्या, “पण हे खरं कशावरून?” काका खूश. म्हणाले, “फरिश्ता नावाच्या इतिहासकारानं लिहिलंय, पण जवळजवळ तीनशे वर्षांनी. स्वारी पक्की, तह पक्का. पोती मात्र ऐकीव धरा.” असं सांगणारा गाइड मला आवडतो. (गडावर मोठ्यानं गाणी लावून हिंडणारे अजिबात आवडत नाहीत, हे जाता जाता.)

मग भुयार. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, लहान मुलं मधे, टॉर्च बंद. काका विचारतात, “आता तुम्ही शत्रू. डावीकडे की उजवीकडे?” सगळे उजेडाच्या फटीकडे बोट दाखवतात. “गेलात! त्या फटीतून थेट खंदकात!” गोष्ट आधी ऐकलेली असते ना, म्हणून त्या अंधारात पोरं किंचाळत नाहीत. भिंत चाचपत, कुजबुजत, खरोखरच वाट शोधायला लागतात.