पैसा नेमका कुठून येतो: लंडन, मार्च 2009

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात कार्यक्रम संपल्यावर एका काकांचा फोन आला, रिटायर्ड माणूस, पेपर अगदी शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. म्हणाले, ताई, हे क्वांटिटेटिव्ह इझिंग क्वांटिटेटिव्ह इझिंग सारखं वाचतोय, म्हणजे नोटा छापून वाटायच्या ना? मी म्हटलं काका, नोट एकही छापली जात नाही आणि वाटलं तर काहीच जात नाही. ते म्हणाले, मग पैसा येतो कुठून? फोनवर पाच मिनिटांत काही सांगता येईना, म्हणून आजची सगळी वेळ त्याच प्रश्नाला देते.

त्यासाठी आपण लंडनला जाऊया, 5 मार्च 2009, गुरुवार. आदल्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडली होती आणि ब्रिटनमध्ये बँका एकमेकींना पैसे द्यायला घाबरत होत्या. बँक ऑफ इंग्लंड म्हणजे तिथली रिझर्व्ह बँक, तिने व्याजदर भराभर खाली आणला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला 5 टक्के होता तो फेब्रुवारीपर्यंत 1 टक्का आणि त्या गुरुवारी अर्धा टक्का. ही बँक 1694 सालची आहे, तेव्हापासून त्या दिवसापर्यंत इतका कमी दर कधीच नव्हता. आता अर्ध्याच्या खाली कुठे जाणार? मंदी तर समोर उभी. मग मर्व्हिन किंग गव्हर्नर असलेल्या त्या बँकेने त्याच दिवशी दुसरी घोषणा केली, की आम्ही 75 अब्ज पौंडांची खरेदी करणार, आणि त्यात बहुतेक सरकारी कर्जरोखे. ह्याच खरेदीला क्वांटिटेटिव्ह इझिंग, थोडक्यात क्यूई म्हणतात. अर्थमंत्री अॅलिस्टर डार्लिंग यांची परवानगी आधीच घेतलेली होती.

कर्जरोखा म्हणजे काय ते एकदा पटकन सांगते. सरकार कोणाकडून तरी पैसे उसने घेतं आणि चिठ्ठी देतं, की दरवर्षी इतकं व्याज देईन आणि अमुक साली मुद्दल परत. ही चिठ्ठी बाजारात विकता येते. ब्रिटनमध्ये तिला गिल्ट म्हणतात. बँक ऑफ इंग्लंडने ही गिल्ट सरकारकडून थेट घेतली नाहीत, ज्यांच्याकडे आधीपासून होती त्यांच्याकडून बाजारात घेतली. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण थेट सरकारच्या हातात पैसे देणं ही वेगळीच गोष्ट झाली.

आता काकांचा प्रश्न, पैसा येतो कुठून. पहिली खरेदी 11 मार्चला, बुधवारी, 2 अब्ज पौंडांची. लिलाव होता पण उलटा, म्हणजे विकणारे भाव सांगणार, आमच्याकडे अमुक रोखा आहे, इतक्याला देतो, आणि बँक त्यातले स्वस्त स्वस्त उचलणार.

समजा एक पेन्शन फंड आहे, त्याच्याकडे 10 लाख पौंडांचं गिल्ट आहे आणि त्याचं खातं एका मोठ्या व्यापारी बँकेत आहे. फंडाने गिल्ट विकलं. बँक ऑफ इंग्लंड काय करते, तर त्या व्यापारी बँकेचं जे खातं आपल्याकडे आहे (प्रत्येक मोठ्या बँकेचं असतं) त्यात 10 लाख जमा करते. कुठल्या दुसऱ्या खात्यातून काढून नाही हं, फक्त आकडा वाढवते. त्या पैशाला रिझर्व्ह म्हणतात. आणि ती व्यापारी बँक पेन्शन फंडाच्या खात्यात 10 लाख जमा करते. झालं. सकाळी फंडाकडे गिल्ट होतं, संध्याकाळी खात्यात पैसे आहेत, आणि हे 10 लाख काल देशात कुणाच्याच खात्यात नव्हते. म्हणजे पैसा येतो तो कॉम्प्युटरवरच्या एंट्रीतून. पण फुकट कोणाला काही मिळालेलं नाही, फंडाने त्याच किमतीचं गिल्ट दिलंय.

इथे एक बारकावा आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो. गिल्ट विकणारा जर स्वतःच बँक असेल तर? मग बँकेकडचं गिल्ट गेलं आणि तिथे रिझर्व्ह आले, पण कुठल्याही माणसाच्या, कंपनीच्या किंवा फंडाच्या खात्यात नवा पैसा आला नाही. म्हणूनच बँक ऑफ इंग्लंडने सुरुवातीला मुद्दाम 5 ते 25 वर्षं मुदतीची गिल्ट निवडली, कारण ती बँकांपेक्षा पेन्शन फंड आणि विमा कंपन्यांकडे जास्त असतात.

बरं, पेन्शन फंडाच्या खात्यात पैसे आले, त्याचा गावातल्या कारखान्याला काय उपयोग? पुष्कळ लोकांना वाटतं की बँकांकडे रिझर्व्ह आले म्हणजे आता त्या ते कर्ज म्हणून वाटणार. तसं होत नाही. रिझर्व्ह फक्त बँकांच्या आपापसात फिरतात, ते तुम्हाआम्हाला कर्ज म्हणून देताच येत नाहीत. बँक कर्ज देते ते समोरचा फेडेल का आणि आपल्याला परवडेल का हे बघून, आणि 2009 मध्ये बँका घाबरलेल्या होत्या.

खरा रस्ता दुसरा होता. फंड मॅनेजरला खात्यात पैसे पडून चालत नाहीत, अर्ध्या टक्क्यात निवृत्त लोकांची पेन्शन कशी देणार? तो दुसरं काहीतरी घ्यायला निघतो, कंपन्यांचे रोखे, शेअर्स. आणि असे फंड एकटे दुकटे नाहीत, सगळेच निघतात, त्यामुळे कंपन्यांच्या रोख्यांना गिऱ्हाईक मिळतं, भाव चढतो आणि कंपनीला बँकेच्या दारात न जाता बाजारातून कमी व्याजात पैसा उभा करता येतो.

भाव चढला की व्याज कमी कसं होतं, हे एकदा हिशोबाने बघू, कारण इथेच भल्याभल्यांचा गोंधळ होतो. 100 पौंडांचा रोखा आहे, दरवर्षी 4 पौंड देणारा, 10 वर्षं मुदत. 100 ला घेतला तर परतावा 4 टक्के. आता बँक ऑफ इंग्लंडसारखं मोठं गिऱ्हाईक आलं आणि भाव 108 पौंड 53 पेन्सवर गेला. मिळणार तेच, वर्षाला 4 आणि शेवटी 100, पण दिलेत जास्त, त्यामुळे नव्या घेणाऱ्याला परतावा पडतो 3 टक्के. रोख्याच्या चिठ्ठीवरचा आकडा बदललेलाच नाही, बदलला तो भाव. ह्या परताव्याला बाजारात यील्ड म्हणतात, आणि नवं कर्ज घेणाऱ्यांचे दर साधारण त्याच्याकडे बघून ठरतात.

तर लंडनमध्ये काय झालं? 75 चे पुढे 125, मग 175 आणि नोव्हेंबर 2009 पर्यंत 200 अब्ज पौंड झाले, म्हणजे देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या साधारण 14 टक्के. बँकेच्या स्वतःच्या अभ्यासात असं निघालं की गिल्टचं यील्ड त्यामुळे साधारण 1 टक्क्याने खाली आलं, आणि उत्पादन दीड ते दोन टक्के जास्त झालं, क्यूई केलंच नसतं तर जेवढं झालं असतं त्यापेक्षा. अर्थात नसतं केलं तर काय झालं असतं हे कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आणि अभ्यास करणारी बँक तीच जिने खरेदी केली, त्यामुळे मी हे आकडे ढोबळच धरते. यील्ड उतरलं हे मात्र बाजारात घोषणेनंतर लगेच दिसलं होतं.

एक गोष्ट अपेक्षेसारखी झाली नाही. 200 अब्जांचा नवा पैसा आला तर देशातल्या सगळ्या ठेवी मिळून तेवढ्याने वाढायला हव्यात ना? तेवढ्या वाढल्या नाहीत, कारण दुसऱ्या बाजूने पैसा पुसलाही जात होता. लोक आणि कंपन्या जुनी कर्जं फेडत होत्या, आणि कर्ज फेडलं की ठेव आणि कर्ज दोन्ही एकदम नाहीसे होतात. शिवाय बँका स्वतःचे शेअर विकून भांडवल उभं करत होत्या, ते शेअर कोणी घेतले की त्याच्या खात्यातले पैसे जातात आणि तेवढी ठेव संपते. नळ चालू आणि मोरीही उघडी, अशी ती गत होती.

आणि फायदा कोणाला झाला? रोखे, शेअर यांचे भाव चढले म्हणजे ज्यांच्याकडे ते होते त्यांची श्रीमंती वाढली. बँक ऑफ इंग्लंडनेच 2012 मध्ये सांगितलं की पेन्शन सोडून बाकीची आर्थिक मालमत्ता धरली तर तिचा सुमारे 40 टक्के भाग वरच्या 5 टक्के कुटुंबांकडे आहे. ज्याच्याकडे फक्त बचत खातं, त्याचं व्याज उतरलं. नोकऱ्या वाचल्या असतील, नक्कीच, पण ज्याची नोकरी वाचली त्याला ते कळतसुद्धा नाही, आणि उतरलेलं व्याज मात्र पासबुकात दिसतं. मला हा मुद्दा फार लागतो, आमच्या घरात व्याजावर जगणारी माणसं मी बघितलीत.

बिल नंतर आलं. पुढे 2020 च्या कोविडपर्यंत वाढत वाढत हा रोख्यांचा साठा 895 अब्ज पौंडांवर जायचं ठरलं. रोख्यांवर व्याज मिळतं आणि बँकांच्या रिझर्व्हवर बँक ऑफ इंग्लंड आपला चालू दर देते, तो दर अगदी कमी होता तोवर मधला फायदा सरकारला जात होता, 2022 पर्यंत सुमारे 124 अब्ज पौंड गेले. मग महागाई ऑक्टोबर 2022 मध्ये 11.1 टक्क्यांवर पोचली, दर ऑगस्ट 2023 मध्ये 5.25 झाला, रोख्यांवरचं व्याज तेच जुनं कमी आणि द्यायचं मात्र जास्त. तोटा सरकारी तिजोरीने भरायचा हे 2009 लाच ठरलेलं, त्यामुळे आता पैसा उलट दिशेला, तिजोरीकडून बँकेकडे जाऊ लागला. नोव्हेंबर 2022 मध्ये बँकेने गिल्ट विकायलाही सुरुवात केली होती.

आपल्याकडे असं झालं का, तर थोडंसं. 7 एप्रिल 2021 ला रिझर्व्ह बँकेने जी-सॅप म्हणजे सरकारी रोखे खरेदीचा कार्यक्रम जाहीर केला, आधी 1 लाख कोटींची खरेदी आणि पुढच्या तिमाहीत 1 लाख 20 हजार कोटींची, पहिला लिलाव 15 एप्रिलला 25 हजार कोटींचा. पण तेव्हा आपला रेपो रेट 4 टक्के होता, म्हणजे दर कमी करायला अजून जागा होती, आणि मुख्य हेतू होता सरकारी रोख्यांचं यील्ड चढू न देणं. शिवाय आपल्याकडे सरकारी रोख्यांचा मोठा साठा बँकांकडेच असतो, नियमानुसार ठेवावाच लागतो, त्यामुळे मी मघाशी सांगितला तो बारकावा इथे नेमका लागू पडतो, बँकेने विकलं की रिझर्व्ह वाढतात पण तुमच्या आमच्या खात्यात लगेच काही येत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये हा कार्यक्रम थांबवला.

काका ऐकत असाल तर एक सांगते, रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर दर शुक्रवारी आठवड्याची आकडेवारी येते. त्यात रिझर्व्ह मनीच्या तक्त्यात सरकारला दिलेल्या निव्वळ कर्जाची एक ओळ असते. मुंबईत बसून रिझर्व्ह बँक रोखे घेते तेव्हा त्याचा परिणाम त्या ओळीत दिसतो. एप्रिल ते सप्टेंबर 2021 चे आकडे काढून शेजारी शेजारी ठेवा आणि काही अडलं तर मला पुन्हा फोन करा.