खुर्चीतून उठा आणि मागे वाका

श्रोतेहो, नमस्कार. आठ-आठ तास खुर्चीत बसून काम करणाऱ्यांसाठी आज मी एकच हालचाल सांगणार आहे, ती म्हणजे उभे राहून कमरेतून मागे वाकणे.

त्याआधी डाव्या हाताची तर्जनी ताण जाणवेल इतकी मागे ओढून धरा. थोड्या वेळाने ती दुखू लागेल आणि सोडली की दुखणे थांबेल. पोक काढून बसल्यावर कमरेच्या मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध असेच ताणलेले राहतात. बोट आपण लगेच सोडतो, कंबर मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत सोडत नाही.

आता माझी आवडती हकिगत. साल 1956, न्यूझीलंडमधील वेलिंग्टन शहर. रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे एक रुग्ण तीन आठवडे उपचार घेत होता, पण कमरेपासून गुडघ्यापर्यंत उतरणारी कळ काही हटत नव्हती. एके दिवशी मॅकेन्झींनी त्याला आत जाऊन पालथे झोपायला सांगितले. उपचाराच्या टेबलाची एक बाजू आधीच्या रुग्णासाठी उचललेली होती आणि ती खाली करायची राहून गेली होती. हा गृहस्थ बिचारा तसाच पालथा झोपला, म्हणजे त्याची कंबर मागच्या बाजूला चांगलीच वाकली. त्या काळी पाठदुखीत ही स्थिती घातक समजली जाई. पाच-एक मिनिटांनी मॅकेन्झी आत आले आणि ते दृश्य पाहून हादरलेच. पण रुग्ण म्हणाला, तीन आठवड्यांत इतके बरे कधी वाटले नव्हते! पायातली कळ गेली होती आणि दुखणे कमरेच्या मध्यभागी येऊन थांबले होते. या विसरलेल्या टेबलातूनच पुढे मॅकेन्झींची उपचारपद्धती उभी राहिली.

ही हालचाल अशी करावी. खुर्ची मागे सरकवून उभे राहा, पावलांत खांद्यांइतके अंतर ठेवा, दोन्ही तळवे कमरेवर, बोटे खाली. गुडघे न वाकवता कमरेतून मागे वाका, क्षणभर थांबा आणि सरळ व्हा. असे पाच-सहा वेळा करा आणि प्रत्येक वेळी किंचित अधिक वाका. पुन्हा सांगतो, गुडघे सरळ, वाकायचे ते कमरेतून. दुखू लागल्यावर नव्हे, तर त्याआधीच, साधारण अर्ध्या-पाऊण तासाने हे करावे. चहा जागेवर मागवण्याची आपल्या कार्यालयांतली पद्धत मला म्हणूनच मुळीच पसंत नाही, कारण उठण्याचे तेवढे एक निमित्तही ती हिरावून घेते.

वाकल्यावर कमरेत थोडा ताण जाणवला तर चिंता नाही. पायातली कळ वर सरकत कमरेकडे आली, तर ते सुधारणेचे लक्षण समजावे. ती खाली पोटरीकडे उतरू लागली किंवा पायाला मुंग्या येऊ लागल्या, तर मात्र तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. ज्या वयस्कर मंडळींचे पाय चालताना भरून येतात आणि बसल्यावर मोकळे होतात, त्यांना मागे वाकणे बहुधा सोसत नाही. त्यांनी हा प्रयोग स्वतःहून करू नये.